गॅलरी पाडणारे दोन ठिपके

उभा राहा. हे शीट तुझंच ना? २३० बाय ३०० चा छेद, आत रिंग, खाली १६ मिमीच्या सळ्यांचे दोन ठळक ठिपके, वर १० मिमीचे दोन बारके. रेघा सुबक आहेत, अक्षर छान आहे. आणि वर नाव काय लिहिलंयस? गॅलरीचा कॅन्टिलिव्हर बीम! शेजाऱ्याचा साधा बीम उचललास आणि नाव तेवढं बदललंस.

दोन्ही टोकांना खांब असले की बीम मधोमध झुकतो. खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते. कन्हानची रेती घे, उत्तम गिट्टी घे, काँक्रीट दाब खातं, ताण खात नाही. ताणातली त्याची ताकद दाबातल्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणून तिथे सळई खाली. पण गॅलरीचं पुढचं टोक कशावर टेकलंय? हवेवर! ते खाली झुकतं, मग ताण कुठे येणार? वर. खोडरबराच्या कडेवर उभ्या रेघा मार, एक टोक धर, दुसरं दाब. वरच्या अंगाला रेघा फाकताना दिसतील. एवढंही करून पाहिलं नाहीस?

आता हिशेब ऐक. गॅलरी दीड मीटर पुढे, बीमवर स्वतःच्या वजनासकट मीटरला १५ किलोन्यूटन भार. खांबाच्या तोंडाशी नमनघूर्ण १६.९ किलोन्यूटन-मीटर. नुसत्या काँक्रीटच्या वरच्या कडेला ताण येतो ४.९ न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि एम-२० फाटतं सुमारे ३.१ ला. म्हणजे तडा जाणारच; प्रश्न एवढाच, की तो आवरायला तिथे कोणी आहे का? २५ मिमी कव्हर आणि ८ मिमीची रिंग धरली, तर १६ मिमीची सळई वर ठेवल्यास तिचा मध्य दाबाच्या कडेपासून २५९ मिमीवर असतो. तुझी जाड सळई ४१ मिमीवर, दाबाच्या कुशीत झोपलेली, आणि वरचे दोन बारके खांबाच्या तोंडाशीच संपतात. बीम सूचना न देता तुटेल.

रिंग शोभेची नाही. टेकूजवळ तिरपे तडे जातात, ते ती आडवी येऊन अडवते, आणि वरच्या सळ्या जागेवर धरते. साइटवर मजूर जाळीवर चालले आणि सळई ५० मिमी खाली बसली, तर बीमची ताकद जवळपास पाचवा हिस्सा घटते. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी वर चढून टेप लावायची, खालून बघून सही करायची नाही.

आता ती तोंडाशीच तोडलेली वरची सळई. ती आत निदान ७५० मिमी जायला हवी, नाहीतर उपटून बाहेर येईल.

उद्या सकाळी नवीन शीट. छेदाशेजारी बीम कसा झुकतो तेही काढ. ते नसेल तर मी तपासणार नाही.