कामाचा व्याप आणि मनाची टाळाटाळ

‘सध्या कामाचा फार व्याप आहे, नंतर बोलू.’ संसारात हे वाक्य कोणी उच्चारलेले नाही? बहुधा ते खरेही असते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. खोटे केव्हातरी उघडे पडते. परंतु खऱ्या कारणाच्या आड उभा राहिलेला माणूस सहजी सापडत नाही. कित्येकदा तो स्वतःलाही सापडत नाही.

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या जोडप्यांच्या अनुभवांतून एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पती मुंबईत एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात नोकरीस. व्यापाऱ्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण अहवाल साधारणतः 30 सप्टेंबरपर्यंत आणि त्यांची प्राप्तिकर विवरणपत्रे 31 ऑक्टोबरपर्यंत सादर करावयाची असतात. व्यापारी वह्या उशिरा पाठवितात, बँकेच्या उताऱ्याशी नोंदी जुळत नाहीत, आणि तारीख मात्र थांबत नाही. तो रात्री अकराला घरी पोहोचे. लग्नाला सहा वर्षे होऊनही मूल नव्हते. डॉक्टरांनी दोघांच्याही तपासण्या सांगितल्या होत्या. पत्नीच्या जुलैत झाल्या. पतीची राहिली होती. ती विचारी, तो म्हणे, ‘हा सीझन संपू दे.’

सप्टेंबरच्या अखेरीस ती आमच्याकडे आली. म्हणाली, ‘फादर, हे काम आहे की मी नकोशी झाले आहे?’

आम्ही तिला तीन गोष्टी पाहावयास सांगितल्या. पहिली अशी की, खऱ्या व्यापाला आकार असतो. मुदत जवळ येते तसा तो चढतो आणि मुदत सरली की उतरतो. टाळाटाळीला असा उतार नसतो. एक तारीख गेली की ती दुसरी शोधते. दुसरी गोष्ट अशी की, थकलेला माणूस सर्वच विषयांवर थोडे बोलतो. टाळणारा एकाच विषयावर गप्प होतो. तिसरी सर्वांत महत्त्वाची. गुंतलेला माणूस ‘आज नको’ म्हणतो, तेव्हा त्याला मनापासून भेटावयाचे असेल तर तो बहुधा आपण होऊन दुसरी वेळ सुचवितो. टाळणाऱ्याचे ‘नंतर’ बिनतारखेचे असते.

तिने आठवून पाहिले. गाडी चुकली, आईची औषधे संपली, छप्पर गळते, हे सारे तो रात्री जेवताना बोलत असे. प्रयोगशाळेचे नाव निघाले की ताट सरकवून उठे. त्या तपासणीला एक सकाळ पुरे होती.

तरीही आम्ही तिला तत्काळ निवाडा करू दिला नाही. अति श्रमाने माणूस खरोखरच मुका होतो. एका रात्रीच्या मौनावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय खुणा पाहणे निराळे आणि पाळत ठेवणे निराळे. कार्यालयात चोरून फोन करून खात्री करून घेणारी पत्नी उत्तर मिळवील, पण विश्वास गमावील. म्हणून आम्ही सुचविले की, मुदत संपेपर्यंत हा विषय काढू नये, मात्र पुढची तारीख आजच उघडपणे मागून घ्यावी. तिने तसे केले. त्याने नोव्हेंबरचा पहिला रविवार दिला.

तो रविवार आला. विवरणपत्रे भरून झाली होती, कार्यालय सातला बंद होऊ लागले होते. तरी तो म्हणाला, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’ तिने आरोप केला नाही. एवढेच म्हणाली, ‘काम संपले आहे. मग आता कशाची भीती वाटते?’ बऱ्याच वेळाने तो बोलला, ‘तुझे सगळे ठीक निघाले. म्हणजे दोष माझाच निघणार.’

सप्टेंबरमधील त्याचा व्याप खरा होता. नोव्हेंबरमधील व्याप हा त्याच शब्दांत लपलेला धाक होता. आणि हा धाक पत्नीचा नव्हता, एका कागदाचा होता. ती नकोशी झालेली नव्हती. तिच्यासमोर कमी ठरण्याची त्याला लाज वाटत होती. टाळाटाळ ओळखली की प्रेम आटले असा अर्थ काढणे, ही दुसरी चूक तिच्या हातून थोडक्यात टळली.

पाचव्या शतकातील संन्यासी जॉन कॅसियन याने मठवासीयांच्या मनोवृत्तीचे वर्णन करताना हे हेरले होते. आपल्या खोलीत बसणे नकोसे झालेल्या संन्याशाला एकाएकी दूरच्या आजाऱ्याला भेटणे हे कर्तव्य वाटू लागते. ते काम चांगलेच असते. परंतु तो त्याकडे धावत नसतो, खोलीपासून पळत असतो. म्हणून कामाचा व्याप सांगणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे काम आज संध्याकाळी अचानक संपले, तर मला आनंद होईल की धास्ती वाटेल? उत्तर धास्ती असे आले, तर ते आपल्या माणसाला सांगणे हे त्याचे ऋण आहे. ‘मला भीती वाटते’ एवढे म्हणावयास दहा मिनिटेही लागत नाहीत.

पुढे एका शनिवारी सकाळी तो तपासणीला गेला. पत्नी सोबत होती. अहवाल काय आला, ते त्या दोघांचे आहे.