कोबा, गुडघा आणि साहेबाची मंजुरी

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची एक चित्रफीत देशभर फिरली. आठवड्याला नव्वद तास काम करावं, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. त्यावर विनोदांचा पाऊस पडला. मला मात्र हसू आलं नाही, कारण हाच सवाल जरा सभ्य भाषेत आमच्या जळगावातले एक निवृत्त व्यवस्थापक गेली दोन-तीन वर्षं प्रत्येक बैठकीत टाकतात. त्यांचं सूत्र सोपं आहे : घरी काम असेल तर रजा घ्या, नसेल तर ऑफिसात या, घरून काम म्हणजे पगार कंपनीचा आणि चाकरी घरची. माणूस हुशार आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आमच्याकडे हा प्रश्न फार नेमक्या रूपात येतो. मुलगा पुण्यात हिंजवडीला, आई-वडील जळगावात, अमळनेरात किंवा धुळ्याच्या देवपुरात. पूर्वी धाब्याची घरं होती. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, ती घरातली आणि गल्लीतली माणसंच टाकत. आता स्लॅब आहे, तो गळतो, आणि मे महिन्यात पुण्याच्या साहेबाकडे अर्ज जातो : पाच दिवस जळगावहून काम करू द्या, गच्चीचं काम काढलंय.

हे गच्चीचं काम म्हणजे काय, ते त्या साहेबाला आणि आमच्या व्यवस्थापकांनाही ठाऊक नसावं. सात-आठशे चौरस फुटांची गच्ची धरा. आधी जुना कोबा फोडायचा. दोन दिवस घण आणि छिन्नी चालते. खालच्या खोलीत फोनवर बोललेलं स्वतःलाच ऐकू येत नाही. मग स्लॅब झाडून-धुऊन चिरा भरायच्या, भिजवलेले विटांचे तुकडे मसाल्यात बसवायचे, उतार पन्हाळीकडे काढायचा. दहा फुटांना सव्वा इंच उतार हवा. गवंडी नजरेनं काढतो आणि तिथंच फसतो, म्हणून दोरी लावून मोजणारा घरचा माणूस वर उभा हवा. कठड्याच्या कोपऱ्यात गोल वाटा मारायच्या, कारण गळती बहुतेक वेळा तिथून आणि पन्हाळीच्या तोंडाशी सुरू होते. कोबा घट्ट झाला की मातीची आळी करून पाणी साठवायचं, निदान सात दिवस.

या सात दिवसांत माणूस लागतो, पण हात फारसे लागत नाहीत. सकाळ-संध्याकाळ पाणी भरायचं आणि खालचं छत बघायचं, एवढंच. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. पाणी उन्हानंच इतकं उडतं की पातळी उतरली म्हणजे गळतंय असं मानणारा उगाच घाबरतो. साधा उपाय आहे : गच्चीवरच बादलीभर पाणी ठेवा आणि दोन्हीकडची उतरण बोटांनी मोजा. गच्चीचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं किंवा खाली ओल दिसली, तर गवंड्याचे उरलेले पैसे थांबवा. हे सत्तरीतल्या वडिलांना, आप्पांना, जिना चढून करता येत नाही, आणि रोजच्या दोन फेऱ्यांसाठी सात दिवसांची रजा जाळणं शहाणपणाचं नाही.

म्हणजे व्यवस्थापक हरले? इथं मला निकोलस ब्लूम या स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञाकडे जावं लागतं. घरून कामाचे कैवारी त्याचं नाव आरतीसारखं घेतात. त्याचा गाजलेला प्रयोग शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमधला. निबंध २०१५ साली आला. स्वतःहून तयार झालेल्या २४९ जणांतून, ज्यांचा जन्म सम तारखेचा ते आठवड्यातून चार दिवस घरी, विषम तारखेचे ऑफिसात. नऊ महिन्यांनी घरच्यांची कामगिरी तेरा टक्क्यांनी वाढलेली. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पोटातला हिशोब कोणी सांगत नाही. तेरापैकी नऊ टक्के आले ते कामावरची मिनिटं वाढल्यामुळे : माणसं कमी वेळा उठली, कमी दिवस आजारी पडली. उरलेले चार टक्के शांततेमुळे, म्हणजे मिनिटाला जास्त फोन झाल्यामुळे. आणि प्रयोगात शिरायची एक अट होती : घरात कामासाठी स्वतंत्र खोली.

आता आपला अर्जदार बघा. त्याच्या डोक्यावर घण चालू आहे आणि आतल्या खोलीतून आई हाक मारते आहे. ब्लूमचा फायदा ज्या दोन गोष्टींतून आला, न उठणं आणि शांतता, त्या दोन्ही याच्याकडे नाहीत. त्याच्यासाठी ब्लूमची साक्ष काढणं म्हणजे कोर्टात शेजाऱ्याचा सातबारा दाखवणं. ब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये त्याच कंपनीतल्या १६१२ जणांवर दुसरा अभ्यास छापला. आठवड्यात दोन दिवस घरून काम दिलं तर कामगिरीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्शानं घटलं. पण ते ठरलेले, नेहमीचे दोन दिवस आहेत, अडीअडचणीचे नव्हेत. तेव्हा लेख सुरू करताना मला जे म्हणायचं होतं, ते सगळंच्या सगळं मला आता म्हणता येत नाही. घण चालतो त्या दोन दिवसांपुरते आणि उतार काढायच्या दिवसापुरते व्यवस्थापक बरोबर आहेत. ते दिवस रजेचेच.

आजारपणातही रेघ इथंच पडते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की घरी आणल्यानंतरचे पहिले दिवस वॉकर धरून संडासापर्यंत नेणं, रात्री उठणं, औषधांच्या वेळा, पोटरी सुजली किंवा दुखू लागली तर लगेच डॉक्टरांना कळवणं, यातच जातात. त्या दिवसांत लॅपटॉप उघडा ठेवणारा मुलगा आई आणि कंपनी, दोघांनाही फसवतो. पुढे व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट ठरल्या वेळी येऊ लागले, आई स्वतःच्या हातानं वॉकर धरू लागली, की घरात कोणीतरी असणं पुरतं. तिथून घरून काम मागावं. अर्थात, हे सगळं सुनेकडे ढकलून मुलगा पुण्यातच राहतो, अशीही घरं मी पाहतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला त्यावर २८९ मिनिटं घालवतात, करणारे पुरुष ८८. सून घरून काम करते तेव्हा ‘घरीच तर आहे’ म्हणून तिच्यावर आणखी चार कामं पडतात. मुलगा करतो तेव्हा त्याच्यासाठी दार लावून घेतात.

म्हणून अर्ज लिहायचा तो असा : ‘१२ ते १४ मे रजा. १५ ते २१ मे जळगावहून काम. रोज सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी अर्धा तास उपलब्ध नाही. अकराची बैठक चुकणार नाही. वीज गेल्यास राउटर इन्व्हर्टरवर आहे, शिवाय मोबाइलचं नेट आहे. ग्राहकाचा डेटा बाहेरून उघडायची परवानगी नसेल तर ते काम तेवढे दिवस अमुककडे.’ ‘घरगुती अडचणीमुळे’ एवढंच लिहिलेला अर्ज साहेबाला संशय घ्यायला भाग पाडतो. आजाराचा तपशील मात्र द्यायची गरज नाही. तारखा आणि तास पुरे.

हक्क म्हणून हे मागता येईल का? ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो आणि कायद्यातल्या आठ कारणांपैकी एक दाखवल्याशिवाय मालकाला नकार देता येत नाही. उत्तराला तो दोन महिने घेऊ शकतो. तेवढ्यात आमच्याकडे मृग लागून गेलेला असतो. आपल्याकडे २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं घरून कामाची सोय कायद्यात आणली, ती प्रसूती रजेनंतरच्या आईपुरती, कामाचं स्वरूप तसं असेल तर, आणि तीही मालकाशी ठरेल तशी. आप्पांच्या गच्चीसाठी किंवा आईच्या गुडघ्यासाठी मागणाऱ्याच्या हातात अर्जच आहे. आणि जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या किंवा एसटीच्या वाहकाच्या हातात तोही नाही. त्याची गच्ची गळली तर त्याला रजाच लागते, आणि बऱ्याचदा ती बिनपगारी असते.

व्यवस्थापकसाहेब, पुढच्या बैठकीत बोलायचंच असेल तर त्या रजेवर बोला.