सहा बाय तीन

चिंचणीत एक ताई संध्याकाळी सहावी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. पुस्तकातली गणितं मुलांना पाठ होतात, म्हणून एका मे महिन्यात तिने सरावसंच करायला घेतला. रीत सोपी होती. वहीच्या डाव्या पानावर एक उदाहरण पायऱ्यांसकट सोडवायचं आणि उजव्या पानावर त्याच घडणीची, आकडे बदललेली उदाहरणं लिहायची. शेवटच्या पानांवर उत्तरसूची. आयताच्या क्षेत्रफळासाठी तिने आठ बाय पाचचा नमुना सोडवला आणि मुलांना हिशेब जड जाऊ नये म्हणून उजव्या पानावर लहान लहान आकड्यांची चाळीस उदाहरणं केली.

जुलैच्या चाचणीत त्यातली दोन घातली. एक आयत, सहा सेंटिमीटर बाय तीन. आणि एक चौरस, बाजू चार सेंटिमीटर. फक्त उत्तर लिहायचं होतं. एका मुलीने लिहिलं 18 आणि 16. सूचीतही तेच होतं. ताईने दोन्हींवर बरोबरची खूण केली.

त्या मुलीचे वडील डायमेकर. दागिन्यांचे साचे पोलादात कोरण्याचं हे काम चिंचणीत चालतं. रविवारी त्यांनी लेकीला सहज विचारलं, "आठ इंच बाय पाच इंचाच्या पत्र्यातून एक-एक इंचाचे चौकोनी तुकडे किती निघतील?" पोरगी म्हणाली, "सव्वीस." वडिलांनी पत्र्यावर रेघा मारून तिच्याकडूनच तुकडे मोजून घेतले. चाळीस भरले. मग चाचणीचा कागद घेऊन ते ताईकडे आले.

"ताई, हिला क्षेत्रफळ येतं असं तुम्ही लिहिलंय. पण ही तर कडा मोजतेय."

ताईने मुलीला पाटीवर सहा बाय तीन करायला सांगितलं. मुलीने मांडलं: सहा अधिक तीन नऊ, नऊ दुणे अठरा. चौरसाचं चार चोक सोळा, पण तेही चार बाजूंची बेरीज म्हणून. परिमिती काढली होती आणि उत्तर क्षेत्रफळाचं आलं होतं. चूक मुलीची होती, पण ती झाकली होती ताईच्या आकड्यांनी.

त्या रात्री ताईने वही पुन्हा उघडली. लांबी गुणिले रुंदी ही दोघांच्या बेरजेच्या दुपटीएवढी केव्हा होते? समीकरण मांडल्यावर ते असं आवरलं: लांबीतून दोन वजा करा, रुंदीतून दोन वजा करा, त्यांचा गुणाकार चार आला पाहिजे. चारचे अवयव दोनच तऱ्हेने पडतात, एक गुणिले चार आणि दोन गुणिले दोन. म्हणजे पूर्ण संख्यांत अशा जोड्या दोनच: सहा-तीन आणि चार-चार. तिने नेमक्या त्याच चाचणीला निवडल्या होत्या. लहान, सोपे आकडे घेताना हा धोका असतोच.

मग तिने उत्तरसूचीत आणखी एक रकाना आखला. बरोबर उत्तराशेजारी, नेहमीची चूक केली तर काय येईल ते. नऊ बाय पाच: 45, परिमिती काढली तर 28, दोनच बाजू मिळवल्या तर 14. जिथे दोन रकान्यांत एकच आकडा आला, ते उदाहरण तिने खोडलं.

दहावीच्या वर्गसमीकरणांत वेगळा घोळ निघाला. नमुना होता $x^2-7x+12=0$, मुळं 3 आणि 4. तिने 12 च्या जागी 13 घातले होते. पण 49 मधून 52 गेले की उणे 3 उरतात. या समीकरणाला वास्तव मूळच नाही. तेव्हापासून ती उलटी चालते. आधी मुळं ठरवते, समजा 5 आणि उणे 2; त्यांची बेरीज 3, गुणाकार उणे 10; म्हणून समीकरण $x^2-3x-10=0$. मग दोन्ही मुळं पुन्हा त्यात घालून शून्य येतं का ते पाहते, कारण उत्तरसूचीतली चूक तीस मुलांच्या वह्यांत उतरते. चुकीच्या रकान्यात उणे 5 आणि 2, म्हणजे चिन्हं उलटली तर येणारी जोडी. याच कारणाने 3 आणि उणे 3 अशी मुळं ती या सरावात घेत नाही. तिथे चिन्हं उलटली तरी जोडी तीच राहते आणि चूक दिसत नाही.

पुढच्या चाचणीत त्याच मुलीने नऊ बाय पाचला 28 लिहिलं. ताईने सूचीत बोट ठेवलं, आकडा चुकीच्या रकान्यात होता, परिमितीचा. तिने मुलीला जवळ बसवून चौकटीच्या कागदावर आयत काढायला लावला, आतली घरं मोजायला लावली, मग कडेची लांबी. दोन्ही आकडे शेजारी लिहून घेतले: 45 चौरस सेंटिमीटर आणि 28 सेंटिमीटर. त्यानंतरच्या आठवड्यात मुलीने बारा बाय सातचं उत्तर 84 दिलं, एककासह.

सहा बाय तीन आता संचाच्या पहिल्या पानावर आहे. वर लिहिलंय, "चाचणीत घेऊ नये."