त्रिकोण बंपरला टेकवून ठेवतात का?

टायर फुटला यात तुझी चूक नाही. त्यानंतर जे केलंस त्याबद्दल बोलतोय. खाली बघू नकोस, नीट ऐक.

पुणे-सातारा हायवेवर, रात्री अकरा वाजता, मधल्या लेनमध्ये गाडी उभी केलीस! का, तर रिम खराब होईल म्हणून. रिम पैसे टाकले की मिळते रे. मागच्या सीटवर तुझी आई बसली होती. फुटक्या टायरवरही गाडी हळूहळू दोन-तीनशे मीटर जाते. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, डावा इंडिकेटर देऊन साइडपट्टीवर यायचं आणि तिथं पोचल्यावर चारही इंडिकेटर लावायचे. नंतर गाडी कडेला घेताना तू आधीच चारही लावलेस. मग तू डावीकडे सरकतोयस हे मागच्या ट्रकवाल्यानं ओळखायचं कसं?

त्रिकोण काढलास, पण ठेवलास कुठं? बंपरला टेकवून! ताशी 100 च्या वेगातली गाडी एका सेकंदात 28 मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धर, म्हणजे चाळीस मीटर गेले. रस्ता कोरडा असला तरी थांबायला आणखी पन्नास-साठ लागतात, भरल्या ट्रकला त्याहून जास्त. म्हणून त्रिकोण किमान 100 मीटर मागं हवा, साधारण 130 पावलं. मागं वळण असेल तर वळणाच्याही आधी, गाड्या वळायच्या अगोदर दिसेल असा. आणि तो घेऊन जाताना रस्त्याच्या कडेबाहेरून चालायचं, त्रिकोणाची चकाकती बाजू येणाऱ्या गाड्यांकडे धरून.

वर दगडही मांडलेस, आणि निघताना ते तसेच ठेवून आलास! त्या अंधारात मागून बाइकवाला येतो. त्याला ते दिसले असते?

सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा आलाय. मागचा उजवा टायर, म्हणजे रहदारीच्या बाजूचा. तू गाड्यांकडे पाठ करून जॅक लावत बसलास, आणि डिकी सताड उघडी. तुझ्या गाडीचे मागचे निम्मे दिवे डिकीच्या दारावर आहेत. दार वर गेलं की ते मागच्याला नीट दिसतच नाहीत. त्या बाजूचा टायर हायवेवर स्वतः बदलायचा नसतो. सगळ्यांना डाव्या दारानं उतरवायचं, कठडा असेल तर पलीकडे न्यायचं, नसेल तर रस्त्यापासून चांगलं लांब, आणि 1033 ला फोन करायचा. राष्ट्रीय महामार्गावरची मदत त्याच नंबरवर मिळते. गाडीत बसून वाट बघायची नाही, कारण मागून धडक बसली तर पहिला मार मागच्या सीटलाच बसतो.

उद्या सकाळी गाडी घेऊन ये. सामानाखाली दाबलेला त्रिकोण काढून सीटखाली ठेव, आणि अंधारात हाताला लागेल तसा डोळे मिटून माझ्यासमोर जोडून दाखव. तोवर आईला घेऊन हायवेला जायचं नाही.