धुरी देण्याआधी

बाळाची मालिश झाली, अंघोळ झाली, की मालिशवाल्या मावशी शेगडी मागवतात. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं आणि वर थोडा धूप. पांढरा धूर उठला की बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरून आधी पोट, मग पाठ, मग ओलं जावळ त्यावरून फिरवतात. बाळाला वारा लागू नये म्हणून खोलीचं दार आणि खिडक्या लावलेल्या असतात. शेजारी बाजेवर बाळंतीण, तिच्या बाजेखालीही शेगडी. महाराष्ट्रातल्या किती घरांत हे आजही रोज, सव्वा महिना चालतं.

यामागे माया आहे, हे आधी मान्य करायला हवं. बाळाला ऊब मिळावी, जावळ वाळावं, सर्दी होऊ नये, डास लांब राहावेत, असे त्यामागचे हेतू आहेत आणि त्यातला एकही वाईट नाही. प्रश्न फक्त एवढाच, की हे सगळं साधताना आपण त्या बाळाच्या छातीत नेमकं काय घालतो?

आपल्या सवयीच्या उदबत्तीचाच हिशेब मांडून पाहू. एक ग्रॅम उदबत्ती जळते तेव्हा साधारण 45 मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात, असं मोजमाप प्रसिद्ध आहे. तेवढीच सिगारेट जळाली तर ते सुमारे 10 मिलिग्रॅम असतात. आता दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी बंद खोली घ्या. तिच्यात सुमारे 28 घनमीटर हवा असते. एक ग्रॅम उदबत्तीचे सगळे कण तिथेच कोंडले, तर दर घनमीटरला जवळजवळ 1600 मायक्रोग्रॅम होतात. प्रत्यक्षात फटींतून बरंच निघून जातं, काही भिंतींवर बसतं. समजा, दहातले नऊ भाग गेले. तरीही 160 उरतात. अतिसूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाची दिवसभराच्या सरासरीची मर्यादा 60 आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलेली 15. काही तासांचा धूर आणि दिवसाची सरासरी एकच नव्हे, हे खरं. पण तान्हं बाळ दिवसाचे बहुतेक तास त्याच खोलीत असतं. आणि हा हिशेब एक ग्रॅम उदबत्तीचा आहे. निखारे आणि धूप यांचा धूर त्याहून किती तरी दाट असतो.

निखाऱ्यांची आणखी एक गोष्ट आहे. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर विरला, शेगडी शांत झाली असं वाटत असतानाही तो निघतच असतो. बंद खोलीत रात्रभर ठेवलेल्या शेगडीने माणसं झोपेतच गेल्याच्या बातम्या थंडीत येतात, त्या याच वायूमुळे. बाजेखालची शेगडी म्हणूनच सगळ्यात जास्त काळजीची.

मोठ्या माणसाला जे खपतं ते बाळाला खपत नाही, याचं कारण साधं आहे. आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, नवजात बाळ तीस ते साठ वेळा. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं. त्याच्या श्वासनळ्या अरुंद असतात, थोडी सूज आली तरी वाट अडते. फुप्फुसांतले बहुतेक वायुकोश तर जन्मानंतरच्या काही वर्षांत तयार होतात. शिवाय आपल्याला ठसका लागला तर आपण उठून बाहेर जातो. बाळ हातांवर धरलेलं असतं.

इथे हमखास म्हटलं जातं, 'आमचा धूप शुद्ध आहे, त्यात केमिकल नाही.' पण छातीला त्रास होतो तो जळण्यातून तयार होणाऱ्या कणांचा आणि वायूंचा. ओवा जळो, ऊद जळो की कडुनिंबाचा पाला, कण होतातच. दुसरा दाखला शास्त्राचा दिला जातो. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये दाखवलं होतं, की बंद खोलीत तासभर हवनसामग्रीचा धूर केल्यावर हवेतले जिवाणू 94 टक्क्यांनी घटले. तो अभ्यास खरा आहे. पण त्यात मोजले गेले ते जिवाणू. ती हवा दमेकऱ्याच्या किंवा बाळाच्या फुप्फुसांना कशी, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. जिवाणूंना न मानवणारी हवा बाळाला मानवेल, असं त्यातून निघत नाही.

दमा असलेल्या माणसाची अडचण वेगळी. त्याला कळतं, पण बोलता येत नाही. सांजवेळी देवघरात धूप फिरतो आणि रात्री दोन वाजता सुनेची छाती घरघरते. मध्ये इतके तास गेलेले असतात, की संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या आला असेल, तरी सासूबाईंना कसं सांगणार? धुराला नको म्हणणं म्हणजे देवाला नको म्हणण्यासारखं वाटतं. पंप मारून ती गप्प राहते. मला वाटतं, नीतीचा प्रश्न नेमका इथे आहे. ज्याच्या हातात काडेपेटी आहे, त्यानेच आधी विचारायला हवं. सोसणाऱ्याने तक्रार करावी आणि मग आपण थांबावं, ही रीत घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर सगळ्यात मोठं ओझं टाकते. बाळाला तर तक्रारही करता येत नाही. त्याच्या वतीने नाही म्हणणं हे आजीचंच काम आहे.

संशय असेल तर पडताळता येतं. दोन-तीन आठवडे घरात काहीही जाळू नका आणि रात्रीचा खोकला, पंपाची गरज कमी होते का ते लिहून ठेवा. औषधं मात्र चालूच ठेवा. देव्हाऱ्यावरची भिंत बोटाने पुसून पाहा. बोटाला लागलेली काजळी हवेतूनच तिथे आलेली असते. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त भरले, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा ते दूध ओढत नसेल, तर थेट डॉक्टरांकडे न्यायचं.

धुरीचे सगळे हेतू धुराशिवाय साधतात. जावळ मऊ पंचाने टिपलं की वाळतं. ऊब आईच्या अंगाशी, दुपट्यात आणि टोपड्यात मिळते. डासांसाठी मच्छरदाणी आहे. धुराऐवजी कापूर मात्र नको. तो जळताना दाट काजळी धरतो, आणि बाळाच्या उशाशी ठेवलेली वडी पोटात गेली तर झटके येऊ शकतात. देवापुढे समईची ज्योत, ताजी फुलं आणि उगाळलेलं चंदन असतंच. धूप हवाच असेल तर तो अंगणात किंवा गॅलरीत घालावा, घराचं दार लावून.

मावशींनाही हे मायेने सांगता येतं. त्यांनी केलेल्या मालिशीचं मोल यात कुठेच कमी होत नाही, फक्त शेवटची शेगडी वगळायची आहे. आणि हे सांगण्याची जबाबदारी बाळंतिणीवर टाकू नये. घरात जिचा शब्द चालतो, त्या बाईने ते सांगावं.