ट्रान्झिस्टर नाही, तुझं गणित खोटं आहे

जर्नल उघड आणि समोर ठेव. पान उलटू नकोस, हेच पान बघायचं आहे. मध्यम लहरींच्या प्रीअॅम्प्लिफायरची वरची सीमा तू लिहिली आहेस 2 मेगाहर्ट्झ. खाली आलेख काढला आहेस, तो थेट पुस्तकातल्यासारखा, 2 मेगाहर्ट्झपर्यंत सपाट. आणि शेजारी पेन्सिलीने लिहून खोडलेला आकडा मला अजून वाचता येतोय: 120 किलोहर्ट्झ. हे तुझं खरं रीडिंग होतं. सीआरओने तुला खरं सांगितलं आणि तू ते रबरने पुसलंस. वर शेरा मारलास, ‘ट्रान्झिस्टर सदोष’. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही सवय आजच मोडायची.

ट्रान्झिस्टर बदलूनही पाहिलास ना? त्यासाठी अंधेरीहून लॅमिंग्टन रोडपर्यंत गेलास, चार बीसी 547 आणलेस, चारही लावलेस आणि चौघांनीही तेच उत्तर दिलं. चार वेगवेगळे ट्रान्झिस्टर एकाच जागी, एकाच मापाने बिघडतात का? तिथेच तू थांबायला हवं होतंस. तुझी चूक काखेत होती आणि तू गावाला वळसा घालून आलास.

आता गणित बघू. कलेक्टर करंट 1 मिलिअँपिअर, कलेक्टरवर 3.3 किलोओहम, पुढे 10 किलोओहमचं लोड. म्हणजे कलेक्टरला दिसणारा रोध जवळजवळ 2.5 किलोओहम, आणि बेसपासून कलेक्टरपर्यंत गेन सुमारे 100, उलट्या दिशेने. इथपर्यंत बरोबर. मग तू बेस-एमिटरचे 30 पिकोफॅरड घेतलेस, बेस-कलेक्टरचे 3 घेतलेस, दोन्हींची बेरीज केलीस 33, आणि हात धुऊन मोकळा झालास. त्या 3 पिकोफॅरडचं दुसरं टोक कुठे जोडलेलं आहे, हे बघायची गरजच वाटली नाही तुला?

ते ग्राउंडला नाही, कलेक्टरला आहे. आणि कलेक्टर जागचा हलतो. बेस 1 मिलिव्होल्टने वर गेला की कलेक्टर 100 मिलिव्होल्टने खाली जातो. मग त्या कपॅसिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज कितीने बदललं? 101 मिलिव्होल्टने. तेवढा चार्ज त्यात भरावा लागतो, आणि बेसच्या बाजूने तो पुरवायचा कोणी? तुझ्या अँटेनाने. तिने दिला 1 मिलिव्होल्ट आणि तिच्याकडून वसूल झाला 101 मिलिव्होल्टचा चार्ज. म्हणून तिच्या बाजूने पाहिलं तर ते 3 पिकोफॅरड नाहीत, 303 आहेत. कपॅसिटर तोच आहे, त्याची किंमत कुठेही वाढलेली नाही. दुसरं टोक उलट्या दिशेने पळतं, एवढंच कारण. जॉन मिलर यांनी 1920 मध्ये व्हॅक्यूम ट्रायोडच्या बाबतीत हे मांडून ठेवलं, म्हणून त्याला मिलर परिणाम म्हणतात. नाव तुला पाठ आहे, तोंडीला तू ते धडाधडा सांगितलंस. पण हातातल्या सर्किटमध्ये तो कुठे बसला आहे, हे ओळखता आलं नाही.

आता ब्रेडबोर्ड घे, डोळ्यांजवळ आण. बीसी 547 चे पाय कसे आहेत? कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर आणि बेस शेजारी शेजारी. म्हणजे ब्रेडबोर्डाच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये ते गेले. त्या पट्ट्या समोरासमोरच्या धातूच्या पातळ चिपा आहेत, त्यांच्यात साधारण 2 पिकोफॅरड सहज असतात. दुसरीकडे कुठेही हे 2 पिकोफॅरड असते तर मी तुला एक शब्द बोललो नसतो. पण इथे ते नेमके त्या 3 च्या जोडीला येऊन बसले. झाले 5, आणि 101 ने गुणले की 505. त्यात बेस-एमिटरचे 30 मिळव, 535 पिकोफॅरड. अँटेनाचा रोध आपण 10 किलोओहम धरला होता. त्याला बायसचे 8.7 आणि ट्रान्झिस्टरचा स्वतःचा 5 किलोओहम समांतर, म्हणजे 2.4. आता वरची सीमा काढ. 123 किलोहर्ट्झ येते. तू पुसलेलं रीडिंग 120 होतं. बघितलंस? तुझा हात बरोबर मोजत होता आणि तूच त्याला खोटं पाडलंस.

आणि हा प्रीअॅम्प्लिफायर कशासाठी होता, ते आठव. मालाडच्या आकाशवाणी केंद्रावरून अस्मिता वाहिनी लागते 558 किलोहर्ट्झवर. 123 ची सीमा असलेला तुझा अॅम्प्लिफायर तिथे पोहोचेपर्यंत गेनच्या साडेचार भागांतला एकच भाग शिल्लक ठेवतो. मध्यम लहरींवरच आणखी वर, 1044 किलोहर्ट्झवर तर आठव्या हिश्श्याच्या आसपास. हा जर्नलमधला आलेख घेऊन कोणी पुढची स्टेज बांधली असती, तर रेडिओ का कुजबुजतो म्हणून तो महिनाभर भलतंच काहीतरी तपासत बसला असता. आकडा खोटा लिहिला की त्रास तुझ्यापाशी थांबत नाही, याचा मला राग आहे.

‘पण सर, फंक्शन जनरेटर थेट लावला तेव्हा मेगाहर्ट्झच्या पुढेही चाललं,’ असं तू म्हणालास. चालणारच. त्या जनरेटरचा रोध 50 ओहम. 535 पिकोफॅरड भरायला त्याला काहीच कष्ट नाहीत. मिलर परिणाम तेव्हाही तिथेच होता, फक्त स्रोत दणकट असल्यामुळे दिसला नाही. ज्या स्रोताला सर्किट जोडायचं आहे, त्याच्या रोधानेच मोजायचं असतं, सोयीच्या रोधाने नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव, कारण पुढे त्यातही घसरशील. एकशे एकने गुणायचं हे गणित गेन स्थिर आहे आणि नेमका उलटा आहे, असं धरून केलेलं आहे. कलेक्टरवर साध्या रेझिस्टरच्या जागी कॉइल लावलीस तर इनपुटला कपॅसिटन्ससोबत ऋण रोधही दिसू शकतो, आणि स्टेज स्वतःहून ओरडायला लागते. मिलर यांनी हेही तेव्हाच दाखवलं होतं. तेव्हा ट्यून्ड सर्किटला हाच आकडा डोळे झाकून लावू नकोस.

उपाय तुझ्या पुस्तकात आहे, कॅस्कोड. वरती दुसरा ट्रान्झिस्टर बसव, त्याचा बेस कपॅसिटरने ग्राउंडला बांध आणि लोड त्याच्या कलेक्टरवर टाक. आता खालच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर बेसइतकाच हलतो, त्यामुळे 5 चे फक्त 10 होतात. 30 मिळवून 40 पिकोफॅरड, आणि इनपुटची सीमा दीड मेगाहर्ट्झच्या पुढे. एकूण गेन जवळजवळ तसाच राहतो. खर्च एका ट्रान्झिस्टरचा, आणि ते तर तुझ्याकडे चार जास्तीचे आहेत.

पण कॅस्कोड नंतर. आधी जुन्याच सर्किटवर 2.2 पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बेस आणि ग्राउंडमध्ये लाव आणि सीमा मोज. जवळजवळ हलणार नाही. मग तोच काढून बेस आणि कलेक्टरमध्ये लाव. 90 किलोहर्ट्झच्या खाली येईल. दोन्ही रीडिंगं पेनाने लिही, पेन्सिलीने नाही, आणि खोडलेलं 120 परत त्याच्या जागी लिही. त्यानंतर जर्नल माझ्याकडे आण, तोवर सही मिळणार नाही.