दुरुस्ती कुणासाठी?



आपल्या घरच्या गटांवर चुकीची माहिती जाते, तेव्हा पुढे काय करावं? संदेश गुपचूप काढून टाकावा, की सर्वांसमोर सांगावं? प्रश्न वरवर साधा वाटतो. पण त्यात आपल्या अहंकाराचा आणि दुसऱ्याच्या हिताचा सामना असतो. म्हणून एक उदाहरण घेऊन नीट पाहू या.

समजा, पावसाळ्यात कुणी जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्याची कृती गटावर टाकली. खरं प्रमाण असं: एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. घाईत उलटं लिहिलं गेलं, म्हणजे मीठ सहा चमचे आणि साखर अर्धा. ही चूक किरकोळ नाही. इतकं मीठ लहान मुलाच्या पोटात गेलं तर उलट्या होतात, रक्तातलं मीठ वाढतं, झटकेही येऊ शकतात. आणि संदेश एका गटात थोडाच थांबतो? बेळगावच्या मावशी तो इंदूरच्या भाच्याला पाठवतात, तिथून तो वडोद्याला पोचतो.

व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत तो बदलता येतो. पण बदलल्याची सूचना कुणाला वाजत नाही, फक्त बारीक खूण दिसते. ज्यांनी आधीच वाचून पाणी कालवलं, ते परत तिथे कशाला पाहतील? साधारण दोन दिवसांपर्यंत संदेश सर्वांसाठी काढूनही टाकता येतो. पण पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. शिवाय नुसती ‘संदेश काढला’ अशी ओळ पाहून काय चुकलं होतं, हे कुणालाच कळत नाही.

मग घातक संदेश तसाच ठेवायचा का? नाही. नव्याने कुणी तो वाचून फसू नये म्हणून काढणं योग्यच. पण काढणं वेगळं आणि लपवणं वेगळं. काढलं, तर त्यात काय लिहिलं होतं ते दुरुस्तीत स्पष्ट सांगावं. तेव्हाच कालचा वाचणारा म्हणेल, “अरे, मी वाचलं ते हेच!”

आता शब्दांकडे पाहू. आपल्या भाषेत पळवाटा पुष्कळ. “प्रमाण उलटं लिहिलं गेलं”, मग लिहिलं कुणी? “कुणाचा गैरसमज झाला असल्यास क्षमस्व”, म्हणजे चूक वाचणाऱ्याची झाली. “मलाही असंच आलं होतं” यात तर दोष तिसऱ्यावरच. हे सगळं स्वतःला सांभाळणं झालं. उलट टोकही तसंच. “मी किती मूर्ख, मला माफ करा” असं चार ओळी लिहिलं की लोक आपली समजूत काढायला लागतात, नि मिठाचं प्रमाण बाजूलाच राहतं. दोन्हीकडे मध्यभागी आपणच!

त्यापेक्षा असं लिहिता येईल:

“दुरुस्ती: साखर-मिठाचं पाणी. योग्य प्रमाण: एक लिटर पाणी, साखर सहा सपाट छोटे चमचे, मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. काल सकाळी मी मीठ सहा आणि साखर अर्धा चमचा असं लिहिलं होतं, ते चूक होतं. तसं पाणी केलं असेल तर फेकून द्या. मुलाला पाजलं असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि किती पाजलं ते सांगा. कालचा संदेश जिथे पुढे पाठवला असेल, तिथे हाही पाठवा. क्षमस्व.”

यात क्रम महत्त्वाचा आहे. बरोबर माहिती सर्वांत आधी, कारण अर्धे लोक पहिल्या दोन ओळीच वाचतात. मग चूक काय, कधी आणि कुणाची. मग आता काय करायचं. क्षमा शेवटी, एका शब्दात. कारणमीमांसा कुठेच नाही, कारण आजारी मुलाच्या आईला आपल्या घाईशी काही घेणं नाही.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागेल. दुरुस्ती मूळ संदेशाइतकी लांब पोचेलच, असं नाही. म्हणून जिला आपण स्वतः पाठवला आणि जिच्या घरी लहान मूल आहे, तिला फोन करणं उत्तम. आणि एक सोपी परीक्षाही सांगून ठेवावी: पाणी चाखून पाहा, ते अश्रूंहून खारट लागता कामा नये. पुढचा संदेश कुणाचाही असो, उलट्या प्रमाणाचं पाणी त्या घोटातच ओळखू येईल.